सूत्रात लांबी नाही, मग ४५ मीटरला जॉइंट कशाला?

दोन भक्कम भिंतींमध्ये घट्ट अडकवलेली सळई तापली की तिच्यात किती स्ट्रेस येतो, याचं सूत्र एका ओळीचं आहे.

```
σ = E × α × ΔT
```

E म्हणजे पदार्थाचा स्थितिस्थापकता गुणांक, α म्हणजे तापमान एका अंशाने वाढल्यावर दर मीटरमागे होणारी वाढ, आणि ΔT म्हणजे तापमानातला फरक. सळईची लांबी या सूत्रात कुठेच नाही. एक मीटरची सळई घ्या किंवा शंभर मीटरची, स्ट्रेस तेवढाच. आणि तरीही इमारत ४५ मीटरच्या पुढे गेली की एक्सपान्शन जॉइंटचा, म्हणजे इमारतीचे तुकडे पाडणाऱ्या मुद्दाम ठेवलेल्या फटीचा, विषय निघतोच. लांबीचा संबंध नसेल तर हा ४५ चा आकडा आला कुठून? या प्रश्नाचं उत्तर नीट लागलं की जॉइंट कुठे द्यायचा, किती द्यायचे आणि कधी दिला नाही तरी चालतं, हे आपोआप कळू लागतं.

सुरुवात सळईपासूनच करू. २५ मिलिमीटर व्यासाची, ३ मीटर लांब लोखंडी सळई घेऊ. स्टीलसाठी α दर अंशाला ०.००००१२ आणि E २,००,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. तापमान ४० अंशांनी वाढलं आणि सळई मोकळी पडलेली असेल, तर ती १.४४ मिलिमीटर लांब होईल. तिच्यात स्ट्रेस मात्र शून्य. वाढायला मोकळीक होती, ती वाढली, विषय संपला.

आता तीच सळई दोन न हलणाऱ्या भिंतींमध्ये अडकवा. तिला १.४४ मिलिमीटर वाढायचंय आणि भिंती वाढू देत नाहीत. म्हणजे भिंतींनी तिला १.४४ मिलिमीटरने मागे दाबून धरल्यासारखंच झालं. हा दाब २,००,००० × ०.००००१२ × ४० = ९६ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. सळईचं क्षेत्रफळ ४९१ चौरस मिलिमीटर, म्हणजे एकूण जोर सुमारे ४७ किलोन्यूटन. बोटाएवढी जाड सळई भिंतीवर जवळपास पावणेपाच टनांचा रेटा देते. तापमानाने स्वतः कोणताही भार आणलेला नाही. हालचाल अडवल्यामुळे तो तयार झाला.

सळई ६ मीटरची केली तर वाढ दुप्पट, २.८८ मिलिमीटर. पण ती वाढ दुप्पट लांबीत दाबायची असल्याने दर मीटरमागची दाबणूक तेवढीच राहते. लांबी सूत्रातून गळते ती इथे.

(प्रत्यक्षात ही सळई ९६ पर्यंत पोचणारच नाही. टोकं बिजागरीसारखी फिरू शकत असतील तर २५ मिलिमीटरची ३ मीटर लांब सळई ४.२ किलोन्यूटनलाच बाजूला वाकते, म्हणजे अवघ्या साडेतीन अंशांच्या वाढीला. उन्हात रेल्वेचे रूळ वळतात तो हाच प्रकार. सळई थंड झाली तर मात्र वाकायचा प्रश्न नाही, खेच पूर्ण ९६ ची येते.)

पुढचा सगळा खेळ एका गोष्टीवर आहे. भिंती पूर्ण घट्ट नसून सगळ्या मिळून अर्धा मिलिमीटर मागे सरकल्या असं समजा. सळईला १.४४ वाढायचं होतं, त्यातलं ०.५ मिळालं, दाबायला उरलं ०.९४. स्ट्रेस ९६ वरून ६३ वर येतो. अर्ध्या मिलिमीटरने एक तृतीयांश ताण गेला! दीड मिलिमीटर सरकल्या असत्या तर काहीच उरलं नसतं. तापमानाचे जोर प्रचंड असतात, पण त्यांना मारायला फार थोडी हालचाल पुरते. छतावर विटा रचल्या तर छत कितीही वाकलं तरी विटांचं वजन कमी होत नाही. तापमानाचा भार मात्र वाट मिळाली की स्वतःच विरतो.

आता इमारतीकडे येऊ. स्लॅब आणि बीम म्हणजे आपली सळई. भिंतींच्या जागी आहेत कॉलम. ते पायाला घट्ट बसलेले आणि पाया जमिनीत, जिथे तापमान फारसं हलत नाही. वरचा मजला वाढतो-आखडतो, पाया जागेवर राहतो. कॉलमचं वरचं टोक मजल्याबरोबर सरकतं आणि कॉलम वाकतो. म्हणजे प्रत्येक कॉलम ही स्लॅबला अडवू पाहणारी एक स्प्रिंग. पूर्ण मोकळीक आणि पूर्ण अडवणूक या दोन टोकांच्या मध्ये इमारत कुठे बसते, हे या स्प्रिंगा किती ताठ आहेत त्यावर ठरतं.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. ९० मीटर लांब आरसीसी फ्रेम, ५ मीटरचे १८ गाळे, म्हणजे कॉलमच्या १९ रांगा. कॉलम ४०० × ४००, फुटिंगच्या वरून पहिल्या स्लॅबपर्यंत ३.५ मीटर. एम-२५ काँक्रीट, E २५,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, α दर अंशाला ०.००००१०. फ्रेमपासून फ्रेम ५ मीटर, स्लॅब १२५ मिलिमीटर, बीम ३०० × ६००. मध्ये लिफ्टची भिंत वगैरे काही नाही, सगळीकडे सारखेच कॉलम. बांधकामाच्या वेळच्या सरासरीपेक्षा स्लॅबचं तापमान २० अंश वर किंवा खाली जातं असं धरू.

इमारत दोन्ही बाजूंना सारखी असल्याने मधली रांग जागेवर राहते आणि बाकीच्या तिच्यापासून दूर सरकतात. मधल्या रांगेपासून ५ मीटरवरचा कॉलम १ मिलिमीटर सरकतो, १० मीटरवरचा २, असं करत टोकाचा कॉलम ४५ मीटरवर असल्याने ९ मिलिमीटर. लांबी इथे परत आली. स्लॅबमधला स्ट्रेस लांबीवर अवलंबून नाही, पण टोकाच्या कॉलमचं सरकणं थेट लांबीच्या प्रमाणात वाढतं.

कॉलम दोन्ही टोकांना घट्ट धरला तर दर मिलिमीटरमागे त्यात येणारा मोमेंट, म्हणजे त्याला वाकवणारा परिणाम, 6EI/h² इतका. I म्हणजे छेदाचा जडत्वाघूर्ण आणि h म्हणजे कॉलमची उंची. न तडकलेल्या पूर्ण छेदासाठी तो २६ किलोन्यूटन-मीटर भरतो. पण काँक्रीट या मोमेंटला तडकतं आणि मऊ होतं, म्हणून निम्मा छेद धरायची पद्धत आहे. मग आकडा येतो दर मिलिमीटरला १३ किलोन्यूटन-मीटर मोमेंट आणि साधारण ७.५ किलोन्यूटन आडवा जोर. टोकाच्या कॉलमला ९ मिलिमीटरला ११७ किलोन्यूटन-मीटर. वरचा बीम थोडा फिरतो, त्यामुळे खरा आकडा याहून कमी असतो, पण हिशोब सुरक्षित बाजूला आहे.

आता स्लॅबकडे पाहू. मधोमध छेद घेतला, तर एका बाजूचे सगळे कॉलम मिळून स्लॅबला जितकं अडवतात तितका जोर त्या छेदातून जातो. सरकण्यांची बेरीज १ + २ + … + ९ = ४५ मिलिमीटर, गुणिले ७.५, म्हणजे सुमारे ३३८ किलोन्यूटन. एका फ्रेमच्या वाट्याचं स्लॅब-बीमचं क्षेत्रफळ ७,६७,५०० चौरस मिलिमीटर. स्ट्रेस ०.४४. हाच स्लॅब पूर्ण अडवलेला असता तर २५,००० × ०.००००१० × २० = ५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आला असता, आणि एम-२५ काँक्रीट सरळ खेचेला दोन-सव्वादोनच्या आसपास तडकतं.

म्हणजे कॉलम स्लॅबला जेमतेम नऊ टक्के अडवतात. स्लॅब जवळजवळ मोकळाच आहे. साध्या फ्रेमच्या इमारतीत जॉइंटचा प्रश्न स्लॅबच्या ताकदीचा नसतो, टोकाच्या कॉलमच्या सहनशक्तीचा असतो. लांब इमारत म्हटली की पुष्कळ जण आधी स्लॅबमधली जाळी वाढवायला धावतात आणि टोकाच्या कॉलमचा हिशोब तसाच राहून जातो, म्हणून हे ठासून सांगतोय.

इथपर्यंत फक्त तापमान झालं. काँक्रीट वाळताना आखडतंही, याला साइटवर श्रिंकेज म्हणतात. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात त्यासाठी ०.०००३ हा आकडा धरायला सांगितला आहे. α ने भागलं तर हे तीस अंशांच्या थंडीइतकं झालं! आणि हे आखडणं एकाच दिशेचं आहे, परत फिरत नाही. थंडीतलं आकुंचन आणि श्रिंकेज एकमेकांत मिळतात, उन्हाळ्यातली वाढ मात्र श्रिंकेजने खाल्ली जाते. नाव एक्सपान्शन जॉइंट असलं तरी बहुतेक इमारतींना त्रास होतो तो आकसण्याचा.

आपल्या इमारतीत टोकाला श्रिंकेजचे १३.५ मिलिमीटर येतात. सुदैवाने हे महिनोन्‌महिने हळूहळू होतं आणि तेवढ्या काळात काँक्रीट स्वतःच भाराखाली सैलावतं. या सैलावण्याला क्रीप म्हणतात आणि आयएस ४५६ मध्ये २८ दिवसांच्या काँक्रीटसाठी त्याचा गुणांक १.६ दिला आहे. त्यामुळे श्रिंकेजचा परिणाम ढोबळमानाने निम्मा धरू: ६.७५ मिलिमीटर. थंडीचे ९ मिळवले की परिणामाच्या हिशोबात १५.७५ मिलिमीटर, आणि टोकाच्या कॉलममध्ये सुमारे २०५ किलोन्यूटन-मीटर. दीड टक्क्याच्या आसपास सळया असलेल्या ४०० × ४०० कॉलमची मध्यम भाराखालची एकूण क्षमताच साधारण इतकी असते. त्यात नेहमीच्या वजनाचा मोमेंट अजून मिळवायचाय, सुरक्षा गुणक लावायचाय. म्हणजे हा कॉलम पास होत नाही.

मधोमध एक जॉइंट दिला की ४५ मीटरचे दोन तुकडे. प्रत्येकाचं मधलं ठिकाण स्वतःचं, टोक तिथून २२.५ मीटरवर. मोमेंट निम्मा, १०२. याला कॉलम बसवता येतो. दोन जॉइंट दिले तर ३० मीटरचे तीन तुकडे आणि मोमेंट ६८. पहिल्या जॉइंटने १०३ वाचवले, दुसऱ्याने फक्त ३४. आणि प्रत्येक जॉइंट म्हणजे दुहेरी कॉलमची रांग आणि गच्चीवर पाणी झिरपायला कायमची एक फट. या इमारतीला मी एकच जॉइंट देईन.

आयएस ४५६ मधला ४५ मीटरचा आकडा यावरून समजतो. साध्या, कमी उंचीच्या इमारतींत याच्या आत लांबी असेल तर तापमान, श्रिंकेज आणि क्रीप हिशोबात धरले नाहीत तरी चालतात, असं तो नियम म्हणतो. त्यापुढच्या लांबीला जॉइंट द्यायचा, तो टाळायचा असेल तर वरच्यासारखा हिशोब मांडायला हवा. ४४ मीटरला सगळं ठीक आणि ४६ ला इमारत फुटते, असं काही नसतं. याहून लांब इमारती जॉइंटशिवाय उभ्या आहेत आणि याहून छोट्या तडकलेल्याही आहेत.

छोट्या का तडकतात? बहुतेक वेळा ताठ भागांच्या जागेमुळे.

वरच्याच फ्रेममध्ये दोन्ही टोकांना कॉलमऐवजी ३ मीटर लांब, २०० मिलिमीटर जाड काँक्रीटची भिंत आहे असं समजा. आपल्या कॉलमचा ताठरपणा दर मिलिमीटरला ७.५ किलोन्यूटन होता. या भिंतीचा सुमारे ५०० येतो, साठ-सत्तर कॉलम एकत्र उभे केल्यासारखा. तुलनेसाठी, ४५ मीटर लांबीच्या स्लॅबचा स्वतःचा ताठरपणा ४२५ च्या आसपास आहे. आता स्लॅब आणि भिंत तोडीस तोड झाले. नुसत्या २० अंशांच्या थंडीला त्यांच्यात २,०७० किलोन्यूटनची ओढाताण होते आणि स्लॅबमध्ये २.७ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर खेच येते. श्रिंकेज न धरताच स्लॅब तडकला. ही इमारत ९० ऐवजी ६० मीटरची असती तरी फार सुटका झाली नसती, कारण टोकं आवळली की आपण पुन्हा त्या पहिल्या सूत्राकडे जातो, ज्यात लांबी नाहीच.

म्हणून जिना किंवा लिफ्टचा ताठ गाभा इमारतीच्या मधोमध असेल तर उत्तम, तो तसाही स्थिर बिंदूच असतो. एकाच टोकाला असेल तर तोच स्थिर बिंदू बनतो आणि दुसरं टोक पूर्ण ९० मीटरचं सरकणं घेऊन बसतं, ९ ऐवजी १८ मिलिमीटर. दोन टोकांना दोन गाभे असतील तर त्यांच्यामध्ये जॉइंट हवाच, लांबी फार नसली तरी.

अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने १९७४ मध्ये काढलेल्या तांत्रिक अहवाल क्रमांक ६५ मध्ये हीच जाण आकड्यांत बसवली आहे. बांधकामाच्या हंगामातलं सरासरी तापमान घ्यायचं, कडक उन्हाळ्याचं आणि कडक थंडीचं त्यापासूनचं अंतर काढायचं आणि त्यातलं मोठं घेऊन आलेखावरून जॉइंटशिवाय चालणारी लांबी वाचायची. मग तिच्यात फेरफार. आतून गरम ठेवलेली आणि कॉलमचा तळ बिजागरीसारखा असलेली इमारत हा पाया. वातानुकूलनही असेल तर १५ टक्के वाढवा, गरम ठेवत नसाल तर ३३ टक्के कमी करा, कॉलमचा तळ घट्ट असेल तर १५ टक्के कमी, एका टोकाला ताठरपणा बराच जास्त असेल तर २५ टक्के कमी. टक्क्यांची बेरीज-वजाबाकी करून एकदाच लावायची. समजा आलेखावरून १२० मीटर आले, इमारत उघडीवाघडी आहे आणि कॉलम घट्ट आहेत, तर ४८ टक्के वजा होऊन उरले सुमारे ६२. एका टोकाला लिफ्टचा गाभाही असेल तर ७३ टक्के वजा, उरले जेमतेम ३२. तीच लांबी, तेच हवामान, आणि उत्तर निम्म्यावर.

दुसरा लपलेला खलनायक म्हणजे आखूड कॉलम. ताठरपणा उंचीच्या घनाच्या उलट प्रमाणात बदलतो. टोकाच्या गाळ्यात दोन कॉलमांच्या मध्ये अर्ध्या-पाऊण उंचीपर्यंत वीटकाम घट्ट लावून बांधलं आणि वर सलग खिडकी ठेवली, की ३.५ मीटरच्या कॉलमची वाकायला मोकळी लांबी १.२ मीटरच उरते. ताठरपणा २५ पट होतो आणि तेवढ्याच सरकण्याला मोमेंट साडेआठ पट. हिशोबात पास झालेला कॉलम गवंड्याच्या एका दिवसाच्या कामाने नापास होतो. अशा ठिकाणी वीटकाम आणि कॉलम यांच्यात मऊ भरणाची फट ठेवावी.

मजल्यांबद्दलही एक गैरसमज असतो. सहा मजली इमारतीत प्रत्येक मजल्याचे कॉलम सारखे तडकतील असं वाटतं. पण मधले मजले साधारण एकत्रच सरकतात, त्यांच्यातल्या कॉलमचं वरचं आणि खालचं टोक बरोबर जातं. त्रास दोन जागी होतो. तळमजल्याला, कारण पाया हलत नाही. आणि सर्वांत वरच्या मजल्याला, कारण गच्चीचा स्लॅब उन्हात तापतो आणि खालचा सावलीत असतो. गच्चीवर उष्णतारोधक थर आणि फिकट रंग दिला की या वरच्या मजल्याचा ΔT खरोखर घटतो. जॉइंट वाढवण्यापेक्षा हे पुष्कळदा स्वस्त पडतं.

फक्त श्रिंकेजचाच जोर कमी करायचा असेल तर आणखी एक युक्ती आहे: मध्ये साधारण मीटरभर रुंदीची पट्टी न भरता सोडायची, दोन्ही बाजूंचं काँक्रीट महिना-दोन महिने वाळू द्यायचं, मग ती भरायची. भरताना हवा थंड असेल तर बरं, म्हणजे पुढे तापमान आणखी खाली जायला जागा कमी उरते. पण ही पट्टी भरली की इमारत एकसंध झाली. ऋतूंच्या तापमानासाठी तिचा काही उपयोग नाही, आणि ती दिलीय म्हणून एक्सपान्शन जॉइंट गाळला हे गणित चुकीचं आहे.

फटीची रुंदी

आपल्या ४५-४५ च्या दोन तुकड्यांमधली फट किती ठेवायची? उन्हाळ्यात दोन्ही बाजूंनी साडेचार-साडेचार, मिळून ९ मिलिमीटर फट मिटते. आतलं भरण निम्म्यापर्यंतच दबतं असं धरलं तर १८ हवेत. शटरिंग थोडं इकडे-तिकडे होणारच, म्हणून २५ मिलिमीटर. भूकंपप्रवण भागात मात्र हा आकडा बहुधा बाद होतो, कारण दोन तुकडे वेगवेगळे डोलताना एकमेकांवर आपटू नयेत यासाठी लागणारी फट याहून बरीच मोठी असते. मग तीच ठेवायची.

उलट्या दिशेचा हिशोब सहसा कुणी करत नाही. थंडीत फट ९ मिलिमीटरने उघडते आणि श्रिंकेजने आणखी १३.५ ने. २५ ची फट काही वर्षांत थंडीच्या पहाटे ४७ ची होऊ शकते. फट बंद करणाऱ्या सीलंटच्या डब्यावर ±२५ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे २५ च्या फटीत तो ६ मिलिमीटर ताणला जाईल, ±५० टक्केवाला साडेबारा. दोन्ही सुटणार. सीलंट पहिल्याच थंडीत एका बाजूने उखडला की दोष मालाला दिला जातो, पण तो माल तेवढं ताणायला बनलेलाच नव्हता. त्यासाठी सीलंट शक्य तितक्या उशिरा, श्रिंकेज बरंचसं होऊन गेल्यावर भरावा. खाली गोल फोमची दोरी घालून त्याची खोली रुंदीच्या निम्मी ठेवावी आणि तो फक्त दोन बाजूंना चिकटावा, तळाला नाही. तळालाही चिकटला तर ताणायला जागाच उरत नाही आणि तो मधूनच फाटतो. गच्चीवर तर नुसत्या सीलंटवर विसंबू नये. फटीच्या दोन्ही कडांना काँक्रीटचा उंच काठ घ्यावा आणि वर एकाच बाजूला पक्का केलेला, दुसऱ्या बाजूवर सरकणारा धातूचा पत्रा टाकावा.

फुटिंग दोन करायची गरज नसते. जोडकॉलम एकाच फुटिंगवर उभे राहू शकतात, कारण जमिनीखाली तापमान जवळपास स्थिर असतं. फट फुटिंगच्या वरच्या पातळीपासून सुरू होते आणि तिथून गच्चीच्या कठड्याच्या माथ्यापर्यंत प्रत्येक गोष्ट कापत गेली पाहिजे: स्लॅब, बीम, भिंत, गिलावा, फरशी, वॉटरप्रूफिंग, कठडा, कठड्यावरचा पाइपही. फट ओलांडणाऱ्या नळाला लवचीक तुकडा हवा, वायरच्या पाइपला सैल सांधा.

बिघडतं ते इथेच. जोडकॉलमच्या फटीतली शटरिंगची फळी निघत नाही म्हणून तशीच राहते, वरून सांडलेलं काँक्रीट त्यात उतरतं आणि घट्ट होतं. दोन कॉलममध्ये मुठीएवढा काँक्रीटचा गोळा अडकला तरी उन्हाळ्यात फट तिथे मिटू शकत नाही, सगळा दाब त्या एका ठिकाणी येतो आणि कॉलमच्या कोपऱ्याचा टवका उडतो. नाहीतर गवंडी फटीवरून सरळ गिलावा फिरवतो, आणि वर्षभरात तिथे वेडीवाकडी उभी भेग पडते. ती दिसली की घाबरू नये, फट काम करतेय. गिलावा तिथे सरळ कापून पट्टी लावली की झालं. खरी काळजी करायची ती फटीवर काहीच भेग नाही आणि टोकाच्या गाळ्यात मात्र आहेत तेव्हा. तिथे फट कुठेतरी आवळली गेलेली असते.

तापमानाची भेग ओळखायला तिची जागा आणि चाल बघावी. तळमजल्यावर टोकाच्या एक-दोन गाळ्यांतल्या भिंतींत तिरप्या भेगा, टोकाच्या कॉलमच्या माथ्याला किंवा बुडाला आडव्या बारीक भेगा, किंवा वरच्या मजल्यावर स्लॅबच्या बरोबर खाली वीटकामात आडवी भेग, आणि इमारतीच्या मध्याकडे जावं तसं हे सगळं विरळ होत जाणं. पाया खचल्याच्या भेगा सहसा टोकं आणि मध्य असा भेद पाळत नाहीत आणि ऋतूप्रमाणे मागे-पुढेही होत नाहीत.

खात्री करायची तर भेगेच्या दोन बाजूंना दोन पितळी खिळे चिकटवायचे आणि त्यांच्यातलं अंतर व्हर्नियरने मोजायचं, पहाटे एकदा, दुपारी तीनच्या सुमारास एकदा, आणि प्रत्येक वेळी स्लॅबचं तापमान लिहून ठेवायचं. गच्चीच्या स्लॅबखालची भेग दिवसातच हलते. खालच्या मजल्यांना दिवसाचा फरक कमी पोचतो, तिथे महिन्याला एक असं वर्षभर मोजावं लागतं. आकडे तापमानाबरोबर वर-खाली होत पुन्हा मूळ जागी येत असतील तर ती तापमानाची भेग आहे. ती सिमेंटने भरली की पुढच्या थंडीत शेजारी नवी उघडते, म्हणून तिथे ताणणारा सीलंटच भरायचा. आकडे तापमानाकडे न बघता एकाच दिशेने सरकत राहिले तर मोजणी चालू ठेवून पायाची तपासणी आधी करून घ्यायची.